आजीने नातीला शिकवायची दिवेलागणीची प्रार्थना: व्हिडिओ कॉलवर संथा कशी द्यावी?

पळसफूल (धागाकर्ती)

नमस्कार. दारव्हा तालुक्यातील आमच्या गावात माझी आई राहते आणि तिच्या घराला लागूनच माझे घर आहे. माझा भाऊ कुटुंबासह जर्मनीत श्टुटगार्टजवळ असतो. त्याची मुलगी, म्हणजे माझी भाची, सात वर्षांची आहे. ती घरी मराठी बोलते, पण तिला देवनागरी अजून वाचता येत नाही. यंदाच्या उन्हाळ्यात ती गावी आली होती. आई रोज तुळशीपाशी दिवा लावताना जे म्हणते ते आपल्यालाही म्हणता आले पाहिजे, असे तिने परत जाताना स्वतःहून सांगितले. तेव्हापासून आई तिला फोनवर शिकवते आहे. फोन धरण्याचे काम माझ्याकडे असल्यामुळे या शिकवणीतील अडचणी मी रोज जवळून पाहते. त्या येथे मांडते आहे.

प्रार्थना आपल्या सर्वांच्या ओळखीचीच आहे. आधी ‘शुभं करोति कल्याणम्’ हा संस्कृत श्लोक येतो आणि त्याला जोडून मराठी ओळी येतात. आईने ती कधी लिहिलेली पाहिलेली नाही, तिच्या आजीच्या तोंडून ऐकून घेतलेली आहे. मराठी ओळी ती अशा म्हणते:

दिव्या दिव्या दीपत्कार, कानी कुंडलं मोतीहार,
दिव्याले पाहून नमस्कार.
तियाचं तेल, कापसाची वात,
दिवा जयो मध्यानरात.
दिवा लावला देवापाशी,
उजेड पडला तुयशीपाशी.

माझ्या लहानपणी आम्ही भावंडे आईच्या बरोबरीने, तिच्याच सुरात सूर मिसळून म्हणत असू आणि त्यातूनच आम्हाला हे पाठ झाले. फोनवर नेमके तेच जमत नाही. दोघी एकदम म्हणू लागल्या की एकीचा आवाज मधूनच तुटतो. आईला वाटते की नात थांबली, म्हणून ती थांबते. नातीला वाटते की आजी थांबली, म्हणून तीही थांबते. मग दोघी पुन्हा एकदमच सुरू करतात. दुसरी अडचण दिसण्याची आहे. आई ओसरीवर दिवा लावून बसते, कारण घरात पत्र्याखाली नेटवर्क मिळत नाही. तिकडे पडद्यावर मात्र ज्योतीच्या जागी पांढरा डाग दिसतो आणि आजीचा चेहरा काळोखात बुडतो. तिसरी गोष्ट वेळेची आहे, पण तिच्याविषयी नंतर लिहीन. ज्यांनी असे शिकवले किंवा शिकले असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

खामगावकर

ताई, हा सगळा नेटवर्कचा प्रश्न आहे. गावात 5जी आले असेल तर ते घ्या किंवा ग्रामपंचायतीपर्यंत आलेल्या फायबरची जोडणी घरी आणा. वेग वाढला की आवाज लगेच पोहोचेल आणि दोघींना एका सुरात म्हणता येईल. आमच्याकडे फायबर आल्यापासून फोन अजिबात अडकत नाही.

तारायंत्र

खामगावकरांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. जोडणी चांगली झाली की आवाज तुटणे आणि चित्र गोठणे कमी होईल, त्यामुळे ती सुधारावीच. परंतु एका सुरात म्हणणे तरीही जमणार नाही. मी या क्षेत्रात काम करतो, म्हणून कारण थोडे समजावून सांगतो.

काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो. विदर्भापासून जर्मनीपर्यंतचा मार्ग समुद्राखालून वळसे घेत जातो. त्या प्रवासात सेकंदाचा काही भाग खर्च होतो आणि कितीही पैसे मोजले तरी तो वाचत नाही. त्यावर फोन आवाजाचे लहान तुकडे करतो, ते दाबून बारीक करतो आणि पलीकडचा फोन काही तुकडे जमेपर्यंत थांबतो. हे सर्व धरून एका बाजूचा उशीर सहज पाव सेकंदाच्या घरात जातो. नात आजीच्या सुरात अचूक सूर मिळवत असली, तरी आजीला ते उत्तर जाण्याचा आणि येण्याचा असा दुप्पट उशीर होऊन ऐकू येते. पाव सेकंदात या श्लोकाचे एक अक्षर तरी म्हणून होते, म्हणजे नात आजीला कायम दोनेक अक्षरे मागेच वाटणार. मग आजी तिच्यासाठी वेग कमी करते, नात आणखी मागे पडते आणि प्रार्थना रेंगाळत जाते. टाळ्या वाजवून ठेका धरायला गेलात तर हेच अधिक जाणवेल.

आवाज तुटण्याचे कारण वेगळे आहे. पलीकडचा आवाज आपल्या स्पीकरमधून बाहेर पडून आपल्याच माइकमध्ये शिरू नये, यासाठी फोन तो ओळखून कापतो. दोघी एकदम बोलल्या की त्याला कोणता आवाज खरा आणि कोणता प्रतिध्वनी हे नीट ठरवता येत नाही, आणि तो एकीचा आवाज दाबतो. नातीने कानात हेडफोन घातला तर हा त्रास बराच कमी होईल, पण उशीर तेवढाच राहील. म्हणून एकावेळी एकीनेच बोलायचे, असा नियम करावा.

चेहऱ्याच्या बाबतीत एक उपाय लगेच करून पाहा. अंधारात कॅमेरा प्रत्येक चित्रासाठी जास्त वेळ प्रकाश गोळा करतो, त्यामुळे सेकंदाला मिळणारी चित्रे कमी होतात आणि ओठांची हालचाल झटक्याझटक्याने दिसते. मुलीला उच्चार शिकायचे असतील तर आजीचे तोंड स्पष्ट दिसायला हवे. एक साधा एलईडी दिवा आजीच्या समोर, फोनच्या मागे लावा आणि समई चौकटीच्या एका कडेला ठेवा. पाठीमागे दिवा असेल तर चेहरा काळाच दिसणार.

जुने गुरुजी

तारायंत्र यांनी जे यंत्राच्या कारणाने सांगितले तेच आमच्या पाठशाळेत फार पूर्वीपासून चालत आले आहे. संथा देताना गुरू आणि शिष्य कधी एकदम म्हणत नाहीत. गुरूने एक तुकडा एकदा म्हणावा, शिष्याने तो दोनदा म्हणावा आणि तेवढा वेळ गुरूने फक्त ऐकावे. शिकवणारा स्वतः बोलत असताना त्याला शिष्याची चूक ऐकू येत नाही, हे त्यामागचे कारण आहे. तेव्हा आपल्या मातोश्रींना फोनमुळे काही कमीपणा सोसावा लागतो आहे असे समजू नका. ही पद्धत आपल्या जागी पूर्ण आहे.

हा श्लोक अनुष्टुभ आहे. त्याचे चार चरण असून प्रत्येक चरणात आठ अक्षरे आहेत. सात वर्षांच्या मुलीला एका वेळी एकच चरण द्यावा. पहिले दोन चरण जोडताना मुले ‘कल्याणम्’ पाशी श्वास तोडतात, ते चालेल. मात्र शेवटच्या चरणातील ‘ज्योतिर्नमो’ येथील रफार हमखास गळतो आणि ‘ज्योति नमोस्तुते’ असे होते. एक मात्रा कमी झाल्याने तेथे चाल अडखळते, त्यावरून चूक लगेच ओळखता येते.

तिसरा चरण सर्वांत कठीण आहे. तो पुढून शिकवू नका, मागून शिकवा. आधी ‘विनाशाय’ पक्के करा, मग ‘बुद्धिविनाशाय’ आणि शेवटी ‘शत्रुबुद्धिविनाशाय’. असे केल्याने मूल प्रत्येक वेळी नव्याकडून ओळखीच्या भागाकडे जाते, त्यामुळे शेवटी त्याचा धीर सुटत नाही. पुढून शिकवले तर प्रत्येक वेळी अनोळखी भागावर येऊन अडते.

पाठ झाले की नाही हे पाहायचे असेल तर पहिल्यापासून म्हणवून घेऊ नका. एकदम तिसऱ्या चरणापासून म्हणायला सांगा. तिला मनात पहिल्यापासून सुरुवात करून तेथपर्यंत यावे लागत असेल, तर अजून प्रत्येक चरण स्वतंत्रपणे बसलेला नाही.

सेवामंडळी

जय गुरुदेव. सायंकाळची प्रार्थना मुलांना शिकवण्याचा हा विचार फार आवडला. आमच्या गावात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना रोज संध्याकाळी प्रार्थना मंदिरात होते. गुरुकुंज मोझरीला आपण कधी संध्याकाळी गेला असाल तर तेथील शिस्त पाहिली असेल. सर्वजण ओळीने शांत बसतात, एक जण पुढे म्हणतो आणि बाकीचे साथ देतात. भाचीला हीच प्रार्थना शिकवावी असे सुचवतो. ती एका घरापुरती नाही आणि तिच्यात सर्व धर्मांना जागा आहे, त्यामुळे परदेशातील मुलांना ती आपली वाटेल.

पळसफूल

सेवामंडळी, आमच्याही गावात सामुदायिक प्रार्थना होते आणि आई गुरुवारी तेथे जाते. परंतु येथे प्रश्न घरच्या दिव्यापाशी म्हणायच्या प्रार्थनेचा आहे, कारण नातीने तीच मागितली आहे. आपले एक निरीक्षण मात्र मी उचलले. तेथे जो पुढे म्हणतो तो हाताने खूण करतो आणि मग बाकीचे सुरू करतात. आम्हीही खूण ठरवली. आई म्हणत असताना तळहात स्वतःच्या छातीवर ठेवते आणि तो पडद्याकडे केला की नातीची पाळी. आईने तिला सांगितले, “मी म्हनतो अन् थांबतो. माहा हात तुह्याकडं आला का मंग तू म्हन, माय.” आवाज उशिरा पोहोचला तरी खूण आणि आवाज जवळपास बरोबरच पोहोचतात, त्यामुळे घोटाळा होत नाही.

गुरुजींनी सांगितल्याप्रमाणे तिसरा चरण मागून शिकवला. ‘विनाशाय’ लगेच आले. ‘बुद्धि’ला ती ‘बुदि’ म्हणत होती. आईने तिला तोंडासमोर तळहात धरायला सांगितले आणि ‘धि’ म्हणताना हाताला वारा लागला पाहिजे असे शिकवले. वारा लागला की नात हसते, त्यामुळे आम्हाला न ऐकताही कळते. ‘शुभं’ मधल्या ‘भं’साठीही हीच युक्ती चालली.

एक अडचण मात्र आमच्या कोणाच्याच लक्षात आली नसती. भावाने तिच्यासाठी सगळी प्रार्थना रोमन अक्षरांत लिहून भिंतीवर लावली होती. तिला शाळेत जर्मन वाचन शिकवतात आणि त्या वाचनात ‘जे’ या अक्षराचा उच्चार ‘य’ होतो, तर ‘व्ही’चा पुष्कळदा ‘फ’ होतो. त्यामुळे फोनवर नीट म्हणणारी मुलगी दुसऱ्या दिवशी ‘फिनाशाय’ आणि ‘दीपय्योति’ म्हणू लागली. कागद काढून टाकल्यावर ते आठवडाभरात गेले. त्याऐवजी आई आता प्रत्येक चरण व्हॉट्सअ‍ॅपवर वेगळा बोलून पाठवते. तो आवाज आधी पूर्ण साठवला जातो आणि नंतर जातो, त्यामुळे आमचे नेटवर्क मध्येच गेले तरी तुटत नाही. नात झोपण्यापूर्वी तो ऐकते.

वाशीमकर

मी न्यू जर्सीत आहे आणि माझी आई वाशीम जिल्ह्यातील गावात असते. आमच्याकडे वेळेचा प्रश्न जास्त बिकट आहे. हिवाळ्यात आई सहाच्या सुमारास दिवा लावते तेव्हा आमच्याकडे सकाळचे साडेसात वाजलेले असतात, म्हणून मुलगा शाळेत जाण्यापूर्वी तिच्यासोबत म्हणू शकतो. उन्हाळ्यात दिवेलागण सातच्या जवळ जाते आणि आमची घड्याळेही एक तास पुढे सरकतात. तेव्हा येथे साडेनऊ होतात आणि मुलगा वर्गात असतो. मग ते सगळे रविवारवर जाते. शिवाय आमची संध्याकाळ होते तेव्हा आई गाढ झोपेत असते. संध्याकाळची प्रार्थना आमचा मुलगा कायम सकाळीच म्हणतो, याचे मला वाईट वाटते. पळसफूल, तुमच्याकडे हे कसे जमवता?

पळसफूल

वाशीमकर, हीच माझी राहिलेली तिसरी अडचण. आमच्याकडे अंतर कमी आहे, तरी दोन्हीकडची संध्याकाळ कधी एकत्र येत नाही. आईची दिवेलागण म्हणजे तिकडे हिवाळ्यात दुपारचा दीड आणि उन्हाळ्यात साडेतीन. तिकडे डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा आमच्याकडे रात्रीचे नऊ होतात आणि आई अंथरुणावर असते. जूनमध्ये तर सूर्य साडेनऊपर्यंत मावळत नाही आणि भाची त्याआधीच झोपलेली असते.

म्हणून आम्ही शिकणे आणि म्हणणे वेगळे केले. शिकवणी शनिवारी व रविवारी आईच्या दिवेलागणीला होते. तेथे भरदुपार असली तरी आजी खरोखरच दिवा लावत असते, हे नातीला दिसते. रोजचे म्हणणे ती तिच्या जेवणापूर्वी, आईवडिलांसोबत करते. त्या वेळी फोन नसतो. वहिनी काडी ओढते आणि भाची फक्त वात पुढे सारते, कारण सात वर्षांच्या मुलीच्या हाती काडी द्यायला आईचीच ना आहे. वाती मात्र येथून गेलेल्या आहेत. आमच्या शेतातल्या कापसातली सरकी हाताने काढून आईने त्या वळल्या आणि उन्हाळ्यात पिशवीत बांधून दिल्या. ‘कापसाची वात’ ही ओळ त्यामुळे भाचीला सांगून शिकवावी लागली नाही.

उन्हाळ्यात उजेड असताना दिवा लावावा की नाही, यावर घरात अजून एकमत नाही. भाऊ म्हणतो की घड्याळाची वेळ एक ठेवावी, म्हणजे सवय टिकते. आई म्हणते की सूर्य असताना दिवेलागण होत नाही, तेव्हा त्या महिन्यांत मुलीने दिवा न लावता नुसते म्हणावे.

मुळामुठा

शिकवण्याची रीत आवडली, पण एक शंका मोकळेपणाने विचारते. आपण दिलेल्या ओळींत ‘तियाचं’, ‘जयो’, ‘तुयशी’ असे उच्चार आहेत. मुलगी मराठी नव्यानेच शिकते आहे. तिला सुरुवातीलाच ‘तिळाचं’, ‘जळो’, ‘तुळशी’ असे प्रमाण उच्चार का देऊ नयेत? ‘ळ’ एकदा सुटला की नंतर तो बसवणे फार कठीण जाते, हे मी माझ्या मुलांच्या बाबतीत अनुभवले आहे. आणि श्लोकात आजी ‘कल्यानम’ म्हणत असतील तर ते तर चूकच ठरेल.

खामगावकर

मुळामुठा, आमच्याकडे डोळ्याला डोया आणि काळ्याला काया म्हणतात. ती आमची बोली आहे. आजीने नातीशी आजीच्याच बोलीत बोलावे. पुस्तकातली भाषा शाळेत शिकता येते, आजीची बोली कोणत्या शाळेत मिळणार?

जुने गुरुजी

दोघांचेही म्हणणे मला कळते, पण मी येथे दोन भाग करीन. श्लोक संस्कृत आहे आणि त्याचा पाठ ठरलेला आहे, म्हणून ‘कल्याणम्’ मधील ‘ण’ नीट शिकवावा. जीभ मागे वळवून टाळूला टेकवायची आणि मग सोडायची, हे आजींना जमत नसेल तर घरातील दुसऱ्या कोणी दाखवावे. जर्मन बोलणाऱ्या मुलांना जीभ वळवण्याची सवय नसते, म्हणून आधी ‘ड’ म्हणवून घ्यावा आणि जीभ तेथेच ठेवून ‘ण’कडे यावे.

मराठी ओळींचे तसे नाही. त्या घरोघरी वेगवेगळ्या आहेत. कोणी ‘जळो’ म्हणतात, कोणी ‘तेवो’ म्हणतात, पुढच्या ओळी तर गावागणिक बदलतात. त्यांचा एकच शुद्ध पाठ कोणाजवळ नाही. मी माझ्या आजोळी वेगळ्याच ओळी ऐकल्या आहेत. तेव्हा आजींचा पाठ आहे तसाच द्यावा आणि त्यांच्या आवाजात तो जपून ठेवावा.

मुळामुठा

गुरुजी, श्लोकाविषयी सहमत. मराठी ओळींविषयी माझे समाधान झालेले नाही. मूल दोन प्रकार एकदम शिकताना गोंधळते, आणि परदेशात त्याला दुरुस्त करणारे आसपास कोणी नसते.

पळसफूल

मुळामुठा, तुमची शंका माझ्या वहिनीचीही आहे, त्यामुळे ती मला परकी वाटत नाही. वहिनी पुण्याची आहे आणि ती घरी ‘तुळशी’च म्हणते. गेल्या रविवारी भाचीने आजीसोबत ‘तुयशीपाशी’ म्हटले आणि लगेच वळून तिच्या आईला सांगितले की आजीची तुयस आणि आपली तुळस एकच आहे. ‘य’ आणि ‘ळ’ यांतला फरक तिला ऐकू येतो आहे, हे त्यावरून कळले. तोंडातून ‘ळ’ अजून ‘ल’सारखा निघतो. वहिनीने तो रोजच्या बोलण्यातून बसवायचा आणि प्रार्थनेत आईला अडवायचे नाही, असे सध्या ठरले आहे. ‘कल्याणम्’ मधला ‘ण’ मी स्वतः दाखवते. आईने ते ऐकून म्हटले, “तुमी दोघी तसं म्हना, मले आता या वयात नाही वयत जीभ.” ती तिच्या पद्धतीने म्हणते आणि भाची ‘ण’ उच्चारते. आईला त्यात काही गैर वाटत नाही.

सध्याची स्थिती अशी आहे की श्लोकाचे चारही चरण भाचीला कोठूनही सुरू करता येतात. गुरुजींची परीक्षा तिने तिसऱ्या चरणापासून दिली. मराठी ओळींत ‘मध्यानरात’ पर्यंत पक्के आहे, पुढचे दोन चरण उलटसुलट होतात. कधी दिवा तुळशीपाशी लागतो आणि उजेड देवापाशी पडतो.

तारायंत्र

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी जर्मनीतील घड्याळे एक तास मागे जातील, हे भावाला आधी सांगून ठेवा. त्या दिवशी आजी नेहमीप्रमाणे फोन लावतील तेव्हा तेथे एक तास लवकर असेल आणि मुलगी कदाचित जेवत असेल. फोनच्या घड्याळात दोन्ही गावांची वेळ लावून ठेवली तर आजींना नुसते पाहून कळेल.

वाशीमकर

पळसफूल, शिकणे आजीच्या वेळेला आणि म्हणणे आपल्या वेळेला, ही विभागणी आम्हीही या आठवड्यापासून करून पाहतो. गुरुजींना एक विचारायचे होते. माझा मुलगा दहा वर्षांचा आहे आणि त्याला श्लोक पाठ आहे, पण तो इतक्या वेगाने म्हणतो की अक्षरे गळतात. अशा मुलाला पुन्हा चरणाचरणाने संथा द्यावी, की आहे ते तसेच सावकाश म्हणवून घ्यावे?

जुने गुरुजी

पुन्हा संथा द्यावी, पण नेहमीच्या क्रमाने देऊ नये. आजींनी चौथा चरण म्हणावा, मुलाने दोनदा म्हणावा. मग तिसरा आणि चौथा, मग दुसऱ्यापासून पुढे, असे मागून पुढे यावे. वेगाने म्हणण्याची सवय क्रमाशी बांधलेली असते, क्रम मोडला की त्याला प्रत्येक अक्षर ऐकूनच म्हणावे लागते. त्याने ‘ज्योतिर्नमो’ मधला रफार सोडला तर आजींनी काही न बोलता तोच चरण पुन्हा म्हणावा.